बालविभागातला बकरीचा किल्ला

माणसाच्या साऱ्या संस्कृतीचा पाया खेळात आहे, असं जाणकार लोक गंभीर चेहऱ्यानं सांगत आलेले आहेत. लातूरला आमच्या गल्लीतल्या वाचनालयात त्या पायावर मोडक्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. खोलीचं नाव बालविभाग. गोष्टींच्या पुस्तकांच्या कपाटाला कुलूप, आणि खुर्च्या हलवल्याशिवाय कपाटापर्यंत पोचता येत नसे. मुलं तिथं येत नाहीत, अशी कार्यकारिणीची तक्रार होती.

तक्रारीवर उपायही कार्यकारिणीनंच काढला. खोलीत प्लायवुडचे कप्पे करायचे आणि स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी अभ्यासिका सुरू करायची. आमच्या शहरात रिकामी खोली दिसली की माणसाला आधी अभ्यासिका सुचते, नंतर श्वास.

ग्रंथपाल बाई माझ्याकडे आल्या त्या ही बातमी घेऊन. पाऊणएक आयुष्य त्यांनी त्या खोलीशी बांधून घेतलेलं. "मॅडम, काहीतरी करा. एकदा का कप्पे बसले की पोरांना पुन्हा जागा न्हाई मिळायची. पुस्तकं माळ्यावर जातेत, अन् माळ्यावर गेलेलं पुस्तक मी अजून खाली आलेलं बघितलं न्हाई."

मी नांदेडला कॉलेजात इतिहास शिकवत होते, तेव्हाच निवृत्तीच्या सुमाराला भाचीच्या घरी एक खेळ पाहिला होता. तिची पोरं आणि शेजारची पोरं गोल बसायची. एकजण गोष्ट सांगायचा, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं व्हायचे. "समोर नदी आहे, काय करतोस?" असं विचारलं की ज्याची पाळी असेल त्यानं एका-दोन वाक्यांत सांगायचं. सोपं काम असेल तर झालं. अवघड असेल तर फासा टाकायचा. मोठी मुलं हा खेळ जाडजूड नियमांनिशी रात्रभर खेळतात म्हणे. लहानांना नियम जितके कमी तितकं बरं, हे भाचीनं मला शिकवलं.

मी ते आणखी कमी केले. प्रत्येक मुलानं एक माणूस किंवा जनावर काढायचं, त्याला नाव द्यायचं, त्याला छान येणारी एक गोष्ट ठरवायची. एकच फासा. चार, पाच, सहा पडलं तर जे करायचं होतं ते झालं. एक, दोन, तीन पडलं तर ते तसं होत नाही, पण दुसरंच काहीतरी घडतं. स्वतःला छान येणारं काम असेल तर फासा दोनदा टाकून बरा आकडा घ्यायचा. कुणी मरत नाही. कुणाला भीती वाटली तर "नको" म्हणायचं, आणि गोष्ट लगेच दुसरीकडे वळते. एवढंच.

अध्यक्षांकडे गेले. आडतीचं मोठं दुकान, कपाळावर भस्माच्या तीन रेघा, सगळे त्यांना अप्पा म्हणतात. अप्पा वाईट माणूस नाहीत. हे मी रागात असतानाही लिहिते आहे, म्हणजे खरं असणार.

"एक रविवार देतो," ते म्हणाले. "पोरं आली अन् रमली, तर खोली पोरांची. माझा शब्द. न्हाई रमली, तर सुताराला सांगून ठेवलंय मी."

"पोरं म्हणजे पाच-सहाच बसवणार आहे, अप्पा. सहा ते नऊ वर्षांची. जास्त झाली की पाळी येईपर्यंत कंटाळतात."

"पाच? पाचावर काय बातमी येणार मॅडम?"

मी बातमी मागितलीच नव्हती. पण इथंच मी सावध व्हायला हवं होतं.

ग्रंथपाल बाईंनी पालकांना निरोप देण्याचं काम गल्लीतल्या एका क्लासच्या सरांकडे दिलं, कारण गल्लीतली सगळी मुलं त्यांच्याकडेच जातात. सरांनी विचारलं, "खेळात नेमकं काय विचारणार?" बाईंनी भाबडेपणानं माझा कागद दाखवला. त्यावर मी गोष्टीला सुरुवात करून देणारे काही प्रश्न लिहिले होते. दाराआडून आवाज येतोय, कसला? भिंतीवर चित्र आहे, कशाचं? वाटेत कुणी बसलंय, कोण?

सरांनी तो कागद मोबाइलवर टिपून घेतला.

रविवारी सकाळी मी गेले तर खुर्च्या हलवलेल्या होत्या. मला बरं वाटलं. मग दिसलं की त्या पालकांसाठी मांडल्या होत्या. भिंतीवर फ्लेक्स. त्यावर अप्पांचा फोटो, सरांचा फोटो, कार्यकारिणीचे फोटो, आणि एका कोपऱ्यात, जागा उरली म्हणून, मूल. टेबलावर समई, नारळ, शाली. पाच मुलं तेल चापून, भांग पाडून, शाळेच्या गणवेशात ओळीनं उभी. रविवारी गणवेश! खेळायला!

मग सुरू झालं. दीपप्रज्वलन. स्वागतगीत. अप्पांचा सत्कार कार्यकारिणीकडून, कार्यकारिणीचा सत्कार अप्पांकडून, सरांचा सत्कार दोघांकडून, आणि माझ्या खांद्यावर एक शाल पडली, ती कुणी टाकली हे गर्दीत दिसलंच नाही. प्रास्ताविकात सर म्हणाले की कल्पनाशक्ती हा यशाचा राजमार्ग आहे. त्या राजमार्गावर तोवर एक सहा वर्षांचा मुलगा उभ्याउभ्या झोपला होता. त्याच्या आईनं त्याला चिमटा काढून जागं केलं. मला तो चिमटा माझ्याच दंडाला बसल्यासारखा लागला.

लहान मुलं खेळात गुंग राहू शकतात तो वेळ थोडा असतो. त्यातला निम्मा आम्ही एकमेकांना नारळ देण्यात घालवला.

अखेर मुलं टेबलाभोवती बसली आणि त्यांनी आपापली चित्रं काढली. पालक पाठीशी, प्रत्येक मुलामागे एक, परीक्षेत कॉपी पुरवायला खिडकीशी उभे राहतात तसे. मी एक लिंबू बाहेर काढलं. "हे ज्याच्या हातात, त्याची पाळी. बाकीच्यांनी तेवढा वेळ ऐकायचं."

एका मुलीची आजी उठून उभी राहिली. "लिंबू कशाला वं मॅडम? आज आमुशा हाय."

"बरं, लिंबू नको." ग्रंथपाल बाईंनी डब्यातला कांदा काढून दिला. कांद्याला अमावस्या चालते.

मी गोष्ट सुरू केली. गावाबाहेर पडका किल्ला. एका म्हातारीची बकरी किल्ल्यात शिरली ती आलीच नाही. तुम्ही तिला शोधायला गेलात. समोर मोठं लाकडी दार. "दाराआडून आवाज येतोय. कसला?" मी कांदा पहिल्या मुलाच्या हातात दिला.

तो ताडकन उभा राहिला, हात पाठीमागे बांधले. "दाराआडून वाऱ्याचा आवाज येत आहे. वारा आपल्याला प्राणवायू देतो."

कांदा पुढच्या मुलीकडे. तीही उभी राहिली. "दाराआडून वाऱ्याचा आवाज येत आहे. वारा आपल्याला..."

तिसऱ्यालाही वाराच. मागे बसलेल्या सरांचे ओठ मुलांबरोबर हलत होते आणि चेहऱ्यावर समाधान होतं. तेव्हा मला कळलं. सरांनी आठवडाभर मुलांकडून माझे प्रश्न घोकून घेतले होते. मनातून काढायच्या गोष्टीची आदर्श उत्तरं! मी अडतीस मुलांच्या वर्गात गाइड वाचून उत्तरं लिहिणाऱ्या पिढ्या पाहिल्या आहेत, पण त्या निदान परीक्षेला तरी बसत होत्या.

"आणि दार उघडायला तू काय करशील?" मी चौथ्या मुलाला विचारलं, आवाज शक्य तितका गोड ठेवून.

"मी वडीलधाऱ्या मंडळींची परवानगी घेईन."

मागून टाळ्या. अप्पांनीही वाजवल्या.

"परवानगी मिळाली," मी म्हणाले. "आता?"

हे कागदावर नव्हतं. मुलानं वळून सरांकडे पाहिलं.

कांदा पाचव्या मुलीकडे गेला. ही देवणीकडून गेल्याच वर्षी शहरात शिकायला आलेली, सात वर्षांची, मामाकडे राहणारी. तिनं चित्रात स्वतःला पाठीवर काळे ठिपके असलेली पांढरी कालवड केलं होतं, आणि छान येणारी गोष्ट म्हणून "ढकलते" असं सांगितलं होतं. ती हळूच म्हणाली, "मी दार ढकलते."

त्या सकाळचं पहिलं खरं वाक्य. मला तिला मिठी मारावीशी वाटली. "शाब्बास. तुला ते छान येतं, म्हणून फासा दोनदा टाक, बरा आकडा घे."

तिनं टाकला. दोन. पुन्हा टाकला. एक.

पालकांच्या माना एकदम पुढं आल्या. कुणाचा तरी निकाल लागल्यासारख्या. मुलीनं फाशावर पंजा झाकला, जणू तो दिसला नाही तर पडलाच नाही.

"परत टाक, परत टाक!" तिचे मामा मागून म्हणाले. "हात नीट हलवलाच न्हाई तिनं."

"सहापैकी दोन म्हंजी नापासच की," दुसऱ्या मुलाच्या वडिलांनी हिशेब केला.

"मॅडम, रीचेकिंग न्हाई का?" कुणीतरी गमतीनं विचारलं आणि सगळे हसले. मुलगी रडायला लागली.

सर उठले. "बेटा, काही हरकत नाही, पुढच्या वेळेस जास्त गुण पाडायचे. मी यांना सहा कसा पाडायचा त्याची एक पद्धत सांगितलेली आहे मॅडम. फासा असा चिमटीत धरून..."

माझ्यातलं काहीतरी तुटलं. मी बोलले त्यातलं छापण्यासारखं एवढंच आहे: "सर, बाहेर."

"मी?"

"सगळेच. सर, मामा, आई, आजी, बाबा. किल्ल्यात फक्त मुलं आणि मी. उठा."

"अहो, पण पालकांना बघायचा हक्क..."

"खिडकीतून बघा. गजांतून छान दिसतं."

अप्पा काही बोलणार होते, पण ग्रंथपाल बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा अध्यक्षांच्या खुर्चीची पाठ धरून खुर्ची मागे ओढली, आणि अप्पांना उठावंच लागलं. सगळे बाहेर गेले. बाईंनी आतून कडी लावली.

मी खांद्यावरची शाल काढून टेबलावर पसरली. "हे किल्ल्याचं अंगण. आणि ऐका, सरांनी सांगितलेलं एकही उत्तर या किल्ल्यात चालत नाही. वारा इथं बंद आहे."

एकजण खुदकन हसला.

"फाशावरचे ते मार्क नव्हेत. दोन पडले म्हणजे दार ढकलून उघडत नाही, एवढंच. पण काहीतरी वेगळं घडतं. काय, ते तू सांग." मी त्या मुलीकडे वळले. "कालवडीनं जोरात ढकललं. दार हललं नाही. मग काय झालं?"

तिनं नाक बाहीला पुसलं. खिडकीकडे पाहिलं. मग दाराकडे, म्हणजे टेबलाकडे. मी थांबले. या खेळात गोष्ट सांगणाऱ्याचं सगळ्यात अवघड काम हेच असतं, गप्प बसणं.

"दाराला राग आला," ती म्हणाली.

"कशाचा गं?"

"येतंय ते ढकलतंयच. कुणी इचारतच न्हाई त्याला."

खोलीतला वारा खरोखर बंद पडला होता. मी कांदा पुढच्या मुलाकडे सरकवला. "दार रागावलंय. तू काय करतोस?"

"इचारतो त्याला. ए दारा, काय पायजे तुला?"

"तेल," मी दाराच्या घोगऱ्या आवाजात म्हणाले. "बिजागऱ्या दुखतायत."

"माझ्या डोक्याला लई हाय!" उभ्याउभ्या झोपलेला तो सहा वर्षांचा मुलगा ओरडला. कांद्याची वाट न बघता त्यानं आपल्या चापून बसवलेल्या केसांवर दोन्ही हात फिरवले आणि टेबलाच्या कडेला चोळले. खरोखर चोळले.

"तेल लावायला फासा टाकू?"

"सोपं काम आहे. नको."

"टाकू द्या की वं आजी!" तो मला म्हणाला.

टाकला. एक पडला. आता कुणी रडलं नाही. पाचही चेहरे माझ्याकडे, पुढं काय वाईट झालं ते ऐकायला आसुसलेले. "तेल फार झालं. दार एकदम उघडलं, आणि तुम्ही सगळे घसरत घसरत आत गेलात, थेट..."

"बकरीवर!" चौघं एकदम.

"बकरी काय म्हणते?"

"तिला परत जायचंच न्हाई," वडीलधाऱ्यांची परवानगी मागणारा मुलगा म्हणाला. "ती म्हणते, म्हातारी मला सारखं गवताचे पाढे म्हणायला लावते."

त्यानंतर माझं काम संपल्यातच जमा होतं. कांदा हातोहात फिरत राहिला, प्रत्येकाच्या वाट्याला एखाद-दुसरं वाक्य, लगेच पुढचा. कालवडीनं बकरीला पाठीवर घ्यायचं ठरवलं, बकरी म्हणाली मला मान पाहिजे, म्हणून तिचा सत्कार झाला. नारळ होताच. एका मुलाला अंधाराची भीती वाटली, तो "नको" म्हणाला, तर पुढच्या मुलीनं काही न विचारता किल्ल्याचं छप्परच काढून टाकलं. आणि फासा टाकताना सगळी मुलं आता ओरडायला लागली होती, "एक पड! एक पड!" कारण सहा पडला की ठरल्याप्रमाणे होतं, आणि एक पडला की काय होईल ते कुणालाच माहीत नसतं.

खिडकीतून एक हताश आवाज आला. "अहो, एक मागायलेत! लेकरं एक मागायलेत!"

म्हातारीशी वाटाघाटी होऊन बकरी परत आली. रविवारी पाढे नाहीत, या अटीवर. बाईंनी कडी काढली तेव्हा मुलं बाहेर जाईनात. "पुढच्या रविवारी म्हातारी हरवणार हाय," त्यांनी मला परस्पर सांगून टाकलं. ग्रंथपाल बाई कपाटाचं कुलूप काढत होत्या. त्यांचे डोळे ओले होते, आणि मला वाटलं, खोली वाचली.

अप्पा आत आले. खरंच हेलावले होते. "मॅडम, काय बोलली हो पोरं! ते दाराचं! माझ्या अंगावर काटा आला."

"मग खोली पोरांची, अप्पा. शब्द दिलाय तुम्ही."

"खोली?" त्यांनी भोवती पाहिलं, जणू ती पहिल्यांदाच दिसत होती. "एवढी मोठी गोष्ट अन् एवढ्याशा खोलीत? छे छे. ह्याला हॉल पायजे. स्टेज, माइक, लाइट. तालुक्यातालुक्यातनं पोरं बोलवू. अहमदपूर, उदगीर. स्पर्धा ठेवू."

"स्पर्धा नाही अप्पा. पाच मुलं, एक टेबल, बंद दार. हे एवढंच लागतं. बाकी सगळं याला मारतं. तुम्ही आत्ता खिडकीतून काय बघितलंत?"

"यशस्वी कार्यक्रम बघितला," ते प्रामाणिकपणे म्हणाले.

"मी नियमावली करतो," सर म्हणाले. मघाशी बाहेर काढल्याचा राग त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता. मला तो असता तर बरं वाटलं असतं. "फासा मात्र काढावा लागेल मॅडम. नशिबावर गुण देणं पालकांना पटणार नाही."

"अप्पा, तुम्ही म्हणालात, रमली तर खोली पोरांची."

"म्हणालो की. आता खोलीच्या जागी हॉल देतोय. बढती हाय ही, मॅडम! खोली मग रिकामीच राहायली ना. ती अभ्यासाच्या पोरांना देऊ. कुणाचंच नुकसान न्हाई."

मी भांडले. ओरडले म्हणायला हवं. कॉलेजच्या पस्तीस वर्षांत कधी चढला नव्हता एवढा माझा आवाज चढला, आणि प्रत्येक वाक्यानंतर अप्पा मान डोलावून "तुमची तळमळ दिसतेय" म्हणत राहिले. विरोध करणाऱ्याला भिंत तरी लागते. मला गादी मिळाली होती.

पुढच्या रविवारी मुलं आली. खोलीत सुतार करवत चालवत होता. आम्ही जिन्याच्या पायऱ्यांवर बसून म्हातारी हरवली. अर्ध्यात वरून लाकडाचा भुसा पडायला लागला, मुलांनी त्याला बर्फ केलं. पण जिना येण्याजाण्याचा. त्याच्या पुढच्या रविवारी तिघं आली, मग मामांनी देवणीच्या मुलीला स्पर्धेच्या तयारीसाठी सरांकडे लावलं. मी त्यांच्या घरी जाऊन विनवून पाहिलं. "तिच्यात चमक हाय म्हणून तर लावलंय," मामा म्हणाले. तुमच्यामुळंच कळलं, असंही म्हणाले, आणि चहा दिला. मी तो प्यायले. अजून राग येतो तो त्या चहाचाही.

स्पर्धा झाली. हॉल भरला होता. देवणीची मुलगी स्टेजवर माइकपुढे हात पाठीमागे बांधून उभी राहिली आणि स्वच्छ, शुद्ध, एका दमात म्हणाली, "दाराला राग आलेला आहे, कारण त्यास कोणीही विचारत नाही." टाळ्यांचा कडकडाट झाला. तिच्यानंतरच्या तेरा मुलांच्या दारांनाही त्याच कारणानं राग आलेला होता.

बालविभागाची पुस्तकं माळ्यावर गेली. ग्रंथपाल बाईंनी शिडी धरली, आणि मी वर चढून पुस्तकं रचली. खोलीत आता कप्पे आहेत, कप्प्यांत पोरं वाकून बसलेली असतात, आणि भिंतीवर, जिथं तो फ्लेक्स होता, तिथं काचेच्या पेटीत अप्पांना बालविकासातल्या योगदानाबद्दल मिळालेलं सन्मानचिन्ह ठेवलेलं आहे. पितळी फासा आहे, वजनदार, लाकडी बैठकीवर बसवलेला. त्याच्या वरच्या बाजूला सात ठिपके आहेत.